कुत्र्याचं भ्याव आणि एका एफचा 'ऑफ'

(अंबाजोगाईत शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

येताना मी वहीचं एक पान घेऊन आलोय. नववीतल्या एका पोराचं आहे, नाव सांगत नाही. 'मी आणि माझं घर' यावर इंग्रजीत थोडं लिही म्हणालो होतो. त्यानं लिहिलंय ते तसंच वाचून दाखवतो. 'आय ॲम अफ्रेड फ्रॉम डॉग्ज. आय ॲम गुड इन क्रिकेट. माय फादर इज अँग्री ऑन मी. ही शाउट्स ऑन मी. आय ॲम प्राउड ऑन माय सिस्टर. शी इज मॅरीड विथ अ टीचर. वी डिस्कस अबाउट हर.'

सात वाक्यं. स्पेलिंग सगळी बरोबर. 'ॲम', 'इज' जागच्या जागी. पूर्णविरामसुद्धा आहेत, आणि आमच्याकडं ते काही थोडं नाही. तरी परीक्षक सातही वाक्यांखाली लाल रेघ ओढणार, आणि प्रत्येक ठिकाणी रेघ एकेका चिमुकल्या शब्दाखाली येणार, 'फ्रॉम', 'इन', 'ऑन', 'विथ', 'अबाउट', म्हणजे ज्याला इंग्रजीत प्रिपोझिशन म्हणतात त्याखाली.

मी पंचवीसेक वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि त्यातली पहिली दहा तरी मी या चुकीवर एकच औषध दिलं. व्याकरणाच्या पुस्तकामागची यादी पाठ करा. तुम्हीही केली असेल. 'अक्यूज ऑफ, अकस्टम्ड टू, अफ्रेड ऑफ, अग्री विथ, अँग्री विथ...' एबीसीडीच्या क्रमानं शेपन्नास शब्द. आता या क्रमात गंमत काय आहे बघा. आरोप करणं, सवय असणं, भिणं, सहमत होणं आणि रागावणं हे शेजारी का बसलेत? सगळ्यांचं पहिलं अक्षर ए आहे म्हणून. मोंढ्यात कुणी तूर, तीळ, तांदूळ आणि तंबाखू एका ढिगात ओतली आणि म्हणाला, सगळ्याला 'त' आहे ना, तर त्याला आपण काय म्हणू? पोरगं ती यादी रात्री पाठ करतं, सकाळी म्हणून दाखवतं आणि दुपारी निबंधात 'अफ्रेड फ्रॉम' लिहितं. यादीतला 'ऑफ' कशालाच टांगलेला नसतो, म्हणून तो पडतो.

म्हणून आधी या पोरानं 'फ्रॉम' आणला कुठून ते पाहू. घरात तो म्हणतो, 'म्या कुत्र्याला लई भेतो.' तिथं प्रत्यय 'ला' आहे. त्यावरून त्यानं 'अफ्रेड टू' लिहायला हवं होतं. पण आपल्या मराठवाड्यात पोरगं घराबाहेर पडलं की गल्लीत, बाजारात, टीव्हीवर हिंदी ऐकतं. हिंदीत 'कुत्ते से डर लगता है.' त्या 'से'चा झाला 'फ्रॉम'. बहिणीचंही तेच. 'बहन पर गर्व है', म्हणून 'प्राउड ऑन'. म्हणजे पोरगं निष्काळजी नाही. त्याच्या डोक्यात नियम आहेत, फक्त ते दुसऱ्या घरचे आहेत.

आता याच पोराला मी विचारलं, 'भेतो' हा शब्द न वापरता सांग. तो म्हणाला, 'मला कुत्र्याचं भ्याव वाटतं.' मी म्हणालो, थांब. कुत्र्याचं. पुन्हा म्हण. कुत्र्या-चं. माझं आजचं सगळं बोलणं या 'चं'भोवतीच आहे.

पण त्याआधी थोडं मागं जातो. शब्दांच्या राशी लावून व्याकरण शिकवण्याची युक्ती काही साहेबाकडून आलेली नाही. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांना उपपद विभक्ती आठवत असेल. नमः आलं की चतुर्थी, सह आलं की तृतीया. हेच तर आहे, एका शब्दाला पुढचा कोणता शेपटीवाला शब्द चालतो ते. आणि पाणिनी हे कसं सांगतो? त्याच्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात 25 वं सूत्र आहे, 'भीत्रार्थानां भयहेतुः.' भिणं आणि रक्षण करणं या अर्थाचे जेवढे धातू असतील, त्या सगळ्यांना ज्याची भीती त्याची पंचमी. 'भी'चा नियम वेगळा, 'त्रस्'चा वेगळा असं त्यानं केलं नाही. 'अर्थानाम्' म्हणाला, म्हणजे अर्थ बघा आणि रास लावा. त्याच पादात 37 वं सूत्र रागाचं आहे. राग, द्रोह, ईर्ष्या, असूया या अर्थाच्या धातूंना ज्याच्यावर कोप त्याची चतुर्थी. 'गुरुः शिष्याय क्रुध्यति.' भीतीची एक रास, रागाची एक रास.

इंग्रजीत हे जमतं का? भीतीचं तरी अगदी जमतं. 'अफ्रेड', 'स्केअर्ड', 'फ्रायटन्ड', 'टेरिफाइड', चौघांनाही 'ऑफ'. आणि इथं एक मौज आहे. आज इंग्रजीत एका एफचा 'ऑफ' आणि दोन एफचा 'ऑफ' असे दोन शब्द आहेत. एका एफचा म्हणजे 'चा-ची-चे', आणि त्याचा खरा उच्चार 'अव्ह'सारखा आहे. दोन एफचा म्हणजे 'पासून सुटून, वरून खाली', जसं 'फेल ऑफ द बायसिकल'. पण मुळात हे दोन नव्हतेच. एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ 'पासून' असा होता. जोर न देता म्हटला तो एका एफचा राहिला, जोर देऊन म्हटला तो दोन एफचा झाला, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास दोघांचं लिहिणं पक्कं वेगळं झालं. म्हणजे 'अफ्रेड ऑफ'मधल्या 'ऑफ'च्या मुळाशी 'पासून'च आहे, पाणिनीच्या पंचमीसारखा. आमच्या पोरानं 'फ्रॉम' लिहिलं ते चूकच, पण ते पाणिनीच्या बाजूनं चुकलं. आणि त्या सूत्रातली दुसरी बाजू, रक्षणाची, तिथं इंग्रजीनं 'फ्रॉम' ठेवलाच आहे. 'प्रोटेक्ट फ्रॉम', 'सेव्ह फ्रॉम', 'हाइड फ्रॉम'. भीतीला 'ऑफ', भीतीपासून वाचवायला 'फ्रॉम'. हे एवढं सांगितलं तरी पोरं दोन्ही राशी वेगळ्या धरतात.

'अफ्रेड' हा शब्दही जरा न्याहाळा. हे मूळचं 'अफ्रे' या क्रियापदाचं रूप, 'घाबरवलेला' अशा अर्थाचं. वकील मंडळींना 'अफ्रे' माहीत आहे. भारतीय दंड संहितेत 159 व्या कलमात सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडण्याला तोच शब्द होता. पण हा 'अफ्रेड' नामाच्या आधी बसत नाही. 'ॲन अफ्रेड बॉय' म्हणता येत नाही, 'अ फ्रायटन्ड बॉय' म्हणावं लागतं. असेच 'अ'नं सुरू होणारे आणि नामाच्या आधी सहसा न बसणारे आणखी दोन बघा, 'अशेम्ड' आणि 'अवेअर'. तिघांनाही 'ऑफ'. ही छोटी तिकटी पोरांच्या एकदा कानात बसली की निघत नाही.

आता वर्गात मी काय करतो ते सांगतो. लग्नसराईत घरोघरी पत्रिका साठतात. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करतो, जाड असतात, टिकतात. पहिल्या दिवशी इंग्रजीचं नाव काढत नाही. फळ्यावर लिहितो, 'मला अमक्याचा, अमक्याची, अमक्याचं काय वाटतं?' आणि पोरांना म्हणतो, मनातलं सांगा. एका वर्गात आलेल्या दहा चिठ्ठ्या सांगतो. पेपरची भीती. अभ्यासाचा कंटाळा. भावाचा हेवा. बापाचा अभिमान. गोडाची आवड. कमी मार्कांची लाज. चुकीची जाणीव. आज्जीची आठवण. मामाचा राग. पावसाची काळजी.

दहाही ठिकाणी मराठीत 'चा-ची-चे'. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी उलटायची आणि मागं इंग्रजी लिहायचं. फक्त विशेषण नाही, पूर्ण वाक्य, आणि ते पोराचं स्वतःचं. 'आय ॲम अफ्रेड ऑफ द एक्झाम.' 'आय ॲम टायर्ड ऑफ स्टडीइंग.' 'आय ॲम जेलस ऑफ माय ब्रदर.' 'प्राउड ऑफ माय फादर.' 'फॉन्ड ऑफ स्वीट्स.' 'अशेम्ड ऑफ माय मार्क्स.' 'अवेअर ऑफ माय मिस्टेक.' दहातल्या सात चिठ्ठ्या एका राशीत आपोआप जाऊन पडल्या. मी एकही 'ऑफ' पाठ करायला सांगितला नव्हता.

याचं कारण साधं आहे. मराठीत मनातली भावना नाम होऊन येते आणि ती ज्याच्यामुळं उठली त्याला षष्ठी लागते. भीती कुणाची, लाज कशाची, अभिमान कुणाचा. इंग्रजीत भावना विशेषण होऊन येते, आणि ज्याच्यामुळं ती उठली त्याच्याआधी बहुतेक वेळा 'ऑफ' येतो. वाक्याची बांधणी वेगळी, पण सांधा एकाच जागी. म्हणून पोरगं 'भेतो'वरून भाषांतर करतं तेव्हा चुकतं आणि 'भ्याव वाटतं'वरून करतं तेव्हा बरोबर येतं. पुढं हीच रास वाढवता येते. खात्री कशाची, तर 'शुअर ऑफ'. गुन्ह्याचा दोषी, तर 'गिल्टी ऑफ'. संशय कुणाचा, तर 'सस्पिशस ऑफ'.

मग उरलेल्या तीन चिठ्ठ्यांचं काय? शिकवणं खरं तिथंच आहे. नियमात न बसलेलं पोरांना नंतर सांगू म्हणून झाकून ठेवलं की पुढं तेच अंगावर येतं. मी त्या तीन चिठ्ठ्या वेगळ्या दोरीवर टांगतो.

आज्जीची आठवण. 'आय मिस माय ग्रँडमदर.' इथं विशेषण नाहीच, सरळ क्रियापद आहे आणि त्याला पुढं काही लागत नाही. पावसाची काळजी. 'वरीड अबाउट द रेन.' 'अबाउट'चा जुना अर्थ 'भोवती'. सोयाबीन पेरून आभाळाकडं बघणारा माणूस डोळ्यांपुढं आणा. पाऊस समोर नाही, पण मन त्याच्याभोवती घिरट्या घालतंय. 'वरीड', 'अँक्शस', 'नर्व्हस' यांना म्हणून 'अबाउट'. 'एक्सायटेड'लाही तोच, कारण सहलीच्या आदल्या रात्री पोराचं मनही घिरट्याच घालत असतं. भीतीत समोर काहीतरी उभं आहे, काळजीत ते येऊ शकतं. हा फरक पोरांना मराठीतही माहीत असतो, फक्त कुणी विचारलेला नसतो.

तिसरी चिठ्ठी मामाचा राग. ही जरा ओढाताणीची आहे. मराठीत 'मामाचा राग येतो' आणि 'मामावर रागावलो' अशी दोन्ही रूपं चालतात. पहिल्यावरून पोरगं 'अँग्री ऑफ' करतं, दुसऱ्यावरून 'अँग्री ऑन'. दोन्ही नाही. माणसावरचा राग असला की 'अँग्री विथ', गोष्टीचा असला की 'अँग्री अबाउट'. 'माय फादर इज अँग्री विथ मी अबाउट माय मार्क्स.' एका वाक्यात दोन्ही बसतात, आणि असं वाक्य प्रत्येक घरात तयार मिळतं. माणसाशी जोडलेल्या या राशीत मी आणखी दोन-तीन ठेवतो, 'प्लीज्ड विथ', 'पेशंट विथ', 'स्ट्रिक्ट विथ'. बघा, संस्कृतात रागाला चतुर्थी, मराठीत 'वर', इंग्रजीत 'विथ'. तीन भाषा, तीन दिशा. राग तोच.

'वर' या शब्दाबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण आमच्या पोरांच्या निम्म्या चुका इथून येतात. मराठीत आपण आईवर प्रेम करतो, देवावर विश्वास ठेवतो, पोरावर ओरडतो, पावसावर अवलंबून असतो आणि लग्नावर खर्च करतो. पाचही ठिकाणी 'वर'. इंग्रजीत 'लव्ह'ला काहीच लागत नाही, 'बिलिव्ह इन', 'शाउट ॲट', आणि शेवटच्या दोघांना खरोखरच 'ऑन'. 'डिपेंड ऑन', 'रिलाय ऑन', 'स्पेंड ऑन'. ही शेवटची रास फुकटची आहे. मराठी जिकडं नेते तिकडंच इंग्रजी आहे, तिच्यावर तास घालवू नका. मी अशा चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका काढतो आणि पेटीत टाकतो. यादीवाल्या पुस्तकाचा मोठा दोष मला हाच वाटतो. ते 'डिपेंड ऑन'ला आणि 'अँग्री विथ'ला सारखीच जागा देतं. इंग्लंडातल्या, जपानातल्या आणि परळीच्या पोराच्या अडचणी एकच आहेत असं समजून ते छापलेलं असतं.

आता 'ॲट'. 'गुड इन क्रिकेट' हे 'क्रिकेटमध्ये हुशार' या बोलण्यातून येतं, उघड आहे. इथं पोरांना मी नेमाची गोष्ट सांगतो. चिंचेच्या झाडाखाली उभं राहून चिंचा पाडायच्या तर दगड कसा मारता? एका चिंचेवर नेम धरून. तो नेम म्हणजे 'ॲट'. 'एम ॲट', 'पॉइंट ॲट', 'लुक ॲट', 'स्टेअर ॲट', 'लाफ ॲट', 'शाउट ॲट'. सगळ्यांत एक टोक आहे आणि काहीतरी त्या टोकावर जाऊन लागतं, नजर, बोट, हसू किंवा शिवी. आणि लागल्यावर टोकाला ते बहुतेक वेळा आवडत नाही. फरक दाखवायला वर्गात खडू वापरा. एका पोराला म्हणायचं, हा झेल, आणि हळूच टाकायचा. 'आय थ्रू द चॉक टू हिम.' मग दुसऱ्याकडं रोखून मारल्यासारखं करायचं. 'आय थ्रू द चॉक ॲट हिम.' पहिल्याला झेलायचं आहे, दुसऱ्याला चुकवायचं आहे. हा प्रयोग मी शक्यतो मुख्याध्यापक गॅलरीत नसताना करतो.

कौशल्याची रासही याच नेमाला टांगतो. 'गुड ॲट', 'बॅड ॲट', 'क्विक ॲट', 'ब्रिलियंट ॲट', 'होपलेस ॲट'. नेम कशावर लागतो, कशावर चुकतो. ही व्युत्पत्ती नाही बरं का. ही खुंटी आहे, अडकवायला. 'ऑफ'चं मी सांगितलं ते भाषेच्या इतिहासातलं, हे नेमाचं माझं. दोन्हींत गल्लत करू नका, नाहीतर उद्या कुणीतरी शोधनिबंध लिहील.

या राशीला भोकं आहेत, तीही सांगतो. 'वीक इन मॅथ्स' चालतं, आणि आपल्याकडं ते इतकं चालतं की त्याच्या जोडीला 'गुड इन मॅथ्स' आपोआप जन्माला येतं. भाषेच्या बाबतीत 'फ्लुएंट इन इंग्लिश'. आणि 'इंटरेस्टेड इन' ही तर वेगळीच रास, तिथं नेम नाही, मन आत गुंतलंय. 'इंटरेस्टेड इन', 'इनव्हॉल्व्ह्ड इन', 'ॲब्सॉर्ब्ड इन'. मराठीत 'क्रिकेटमध्ये रस', 'कामात गढलेला'. पुन्हा हिरवा ठिपका.

या शब्दांच्या पुढं क्रियापद आलं की काय करायचं, हे विद्यार्थी हमखास विचारतात. 'गुड ॲट स्विम' का नाही? मी उलटं विचारतो, 'घोडाला' का म्हणत नाही? 'घोड्याला' म्हणतो. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागायचं तर आधी नामाचं सामान्यरूप होतं, घोडा जाऊन घोड्या उरतो. इंग्रजीत क्रियापदाला या छोट्या शब्दामागं बसायचं असेल तर त्यालाही आधी सामान्यरूप घ्यावं लागतं, आणि ते म्हणजे 'इंग'. 'गुड ॲट स्विमिंग', 'टायर्ड ऑफ वेटिंग'. घात होतो तो 'टू'पाशी. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.' इथला 'टू' हा 'टू गो'मधला नव्हे, तो 'ला' आहे. ओळखायची खूण अशी की 'टू'च्या पुढं एखादं नाम टाकून बघा. 'यूज्ड टू द हीट', उन्हाला सरावलेला, जमतं. म्हणजे हा खरा शब्दयोगी आहे आणि पुढं 'इंग' लागेल.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. पोरं हे शब्द ऐकून का शिकत नाहीत? इंग्रजी बातम्या ऐकतात, सामन्याचं धावतं वर्णन ऐकतात, तरी 'गुड इन'. कारण वाक्याच्या मधोमध हे शब्द ऐकूच येत नाहीत. 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' भरभर म्हटलं की 'अफ्रेडव्हडॉग्ज' होतं, 'ऑफ' कुठं गेला कळत नाही. 'गुड ॲट इट' हे 'गुडटिट' होतं. जोर मोठ्या शब्दांवर, मधलं सगळं गिळलेलं. पण एका जागी तो शब्द स्वच्छ ऐकू येतो. प्रश्नाच्या शेवटी. 'व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?' 'व्हॉट आर यू गुड ॲट?' 'हू आर यू अँग्री विथ?' तिथं त्याला पुढं कुणी नाही, म्हणून तो पूर्ण उच्चारला जातो.

म्हणून चिठ्ठ्यांनंतर मी पाठांतर घेत नाही, प्रश्न घेतो. दोघं समोरासमोर. एक विचारतो, 'व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?' दुसरा उत्तर देतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. सुरुवातीला सगळी पोरं 'व्हॉट आर यू अफ्रेड?' म्हणून थांबतात, कारण मराठीत 'कशाचं' या एका शब्दातच प्रत्यय आलाय, शेवटी काही उरत नाही. त्यांना सांगायचं, 'कशाचं'मधला 'चं' इंग्रजीत शेवटच्या डब्यात बसतो. आणि पोराला खरोखर आलं का हे तपासायची जागाही हीच आहे. गाळलेल्या जागा तो यादीवरून भरेल. पण प्रश्न बनवताना शेवटचा शब्द जागेवर आला, तर समजा रास लागली.

राशी कुठं बिघडतात तेही माझ्या चुकांमधून सांगतो. एकदा उत्साहात मी एकाच तासाला 'फ्रायटन्ड', 'टेरिफाइड', 'पेट्रिफाइड', 'अलार्म्ड' असे सगळे नवे शब्द दिले. म्हटलं, एकाच अर्थाचे आहेत, सोपं जाईल. आठवड्यानं पोरांनी त्यांची स्पेलिंगं आणि अर्थ एकमेकांत असे मिसळले की विचारू नका. पुढं कळलं की 1990 च्या दशकात टिंकम आणि त्यानंतर वेअरिंग या अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं होतं. एकाच अर्थगटातले नवे शब्द एकत्र शिकवले तर ते सुटे शिकवण्यापेक्षा सावकाश शिकले जातात. म्हणजे रास ही ओळखीच्या शब्दांची लावायची. पोराला 'प्राउड' आणि 'जेलस' म्हणजे काय हे आधी पक्कं माहीत हवं, मग त्यांना कोणता शेजारी लागतो ते शिकवायचं. नवा शब्द आणि नवा शेजारी एकाच दिवशी नको.

दुसरी चूक म्हणजे एकाच शब्दाची सगळी रूपं शेजारी मांडणं. 'गुड ॲट', 'गुड फॉर', 'गुड टू', 'गुड विथ', फळ्यावर छान तक्ता होतो. क्रिकेटमध्ये चांगला, तब्येतीला चांगलं, माझ्याशी चांगला वागणारा, लहान पोरांना सांभाळण्यात चांगला. पाहुण्यांना दाखवायला उत्तम. पण दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर चौघांची अदलाबदल. आता मी 'गुड ॲट' कौशल्याच्या राशीत देतो आणि 'गुड फॉर'चं तोंड पंधरा दिवस तरी पोरांना दिसू देत नाही.

आणि एक रिकामी रास असते, तिला विसरू नका. 'डिस्कस', 'मॅरी', 'एंटर', 'रीच', 'रिझेम्बल'. यांना काही लागत नाही. आमच्या पोराच्या शेवटच्या वाक्यातला 'अबाउट' इथं जातो. मराठीत 'तिच्याबद्दल चर्चा' म्हणतो आणि इंग्रजीतही 'डिस्कशन अबाउट' बरोबरच आहे, पण ते नाम. क्रियापद झालं की शेपटी गळते. मी स्वतः नोकरीच्या मुलाखतीत 'लेट अस डिस्कस अबाउट इट' म्हणालो होतो. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं कागदावर काहीतरी लिहिलं. तो कागद मला अजून स्वप्नात दिसतो. 'मॅरी'चंही तसंच. 'शी मॅरीड अ टीचर', शेपटी नाही. पण विशेषणासारखं वापरलं की 'शी इज मॅरीड टू अ टीचर'. 'टू', 'विथ' नाही. 'एंगेज्ड टू', 'रिलेटेड टू', नातं जोडणाऱ्यांची ती रास.

त्या पोराची सातही वाक्यं झाली. एखादा प्रश्न असेल तर घेतो.

मागून एका ताई विचारतायत, त्यांनी कुठंतरी 'शी वॉज अफ्रेड फॉर हर सन' असं वाचलं, ती छपाईची चूक समजायची का?

नाही ताई, ते बरोबर आहे. 'अफ्रेड ऑफ हर सन' म्हणजे तिला पोराचंच भ्याव आहे, पोरगं मारतं-झोडतं असेल. 'अफ्रेड फॉर हर सन' म्हणजे पोराला काही होईल म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नाही. आपण मराठीत म्हणताना 'मला पोराची भीती वाटते' एवढंच म्हणालो तर ऐकणारा एकदा तोंडाकडं बघतो, कोणती भीती म्हणून. तिथं आपण 'पोरासाठी जीव खालीवर होतो' म्हणतो, आणि तो 'साठी' म्हणजेच 'फॉर'. फक्त ही चिठ्ठी पहिल्या दिवशी राशीत टाकू नका. 'ऑफ' पक्का होऊ द्या, महिनाभरानं प्रश्नोत्तरात कुणी विचारलं तर काढा.